यादीतला एकच आकडा बदललाय, हे ओळखायचं कसं? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटची घरबसल्या तपासणी

अतिवृष्टीच्या मदतीची यादी आली की गावच्या ग्रुपवर पहिल्यांदा काय पडतं? यादी नाही पडत, यादीचा फोटो पडतो. कुणीतरी संगणकावर उघडलेल्या एक्सेलचा स्क्रीनशॉट काढतो, तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जातो आणि संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा सुरू होते. "त्याला एवढे आणि मला एवढेच कसे?"

समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. वाटणीत दोघांना सारखीच जमीन आली, नुकसानही सारखंच झालं. धाकट्याच्या खात्यात ६,८०० रुपये आले आणि ग्रुपवरच्या फोटोत थोरल्याच्या नावापुढे १६,८०० दिसतायत. थोरला म्हणतो, मलाही ६,८००च मिळाले. धाकट्याचा विश्वास बसत नाही, कारण फोटो समोर आहे. एका आकड्यापायी बोलणं बंद व्हायची वेळ येते. दुसरीकडे एखादा एजंट असाच फोटो दाखवून म्हणतो, "तुमचे १६,८०० मंजूर झालेत, दोन हजार द्या, लगेच सोडवून देतो."

अशा वेळी तो आकडा खरा की कुणी चित्रात घुसवलेला, हे बघता येतं का? बऱ्याच वेळा येतं. त्याला संगणकाचं शिक्षण लागत नाही. मोबाईल, कागदाची एक सरळ कड आणि थोडा हिशोब एवढं पुरतं. मात्र या तपासणीला एक मोठी मर्यादा आहे. ती शेवटी सांगितली आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

आधी एक छोटी यादी डोळ्यांसमोर घ्या

समजायला सोपं जावं म्हणून आम्ही पाच ओळींची एक यादी बनवली. गट नंबर मनाचेच आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये दर आहे, तोच इथे धरला आहे. प्रत्यक्ष यादीत आकडे बहुतेक इंग्रजी अंकांत असतात, इथे वाचायला सोपे म्हणून मराठीत दिले आहेत.

- गट ११२/१, बाधित क्षेत्र ०.४० हेक्टर, रक्कम ३,४००
- गट ११२/२, बाधित क्षेत्र ०.८० हेक्टर, रक्कम ६,८००
- गट ११८, बाधित क्षेत्र १.२० हेक्टर, रक्कम १०,२००
- गट १२१, बाधित क्षेत्र ०.६० हेक्टर, रक्कम ५,१००
- गट १२५, बाधित क्षेत्र १.०० हेक्टर, रक्कम ८,५००
- एकूण क्षेत्र ४.०० हेक्टर, एकूण रक्कम ३४,०००

आता कुणीतरी दुसऱ्या ओळीतल्या ६,८०० च्या आधी एक '१' लावला आणि १६,८०० केले. बाकी काहीच बदललं नाही. ही लबाडी पकडायची आहे.

स्क्रीनशॉटमध्ये आकडा नसतो, फक्त ठिपके असतात

एक्सेलच्या खऱ्या फाईलमध्ये प्रत्येक सेल म्हणजे एक कप्पा असतो. त्यात आकडा असतो, काही ठिकाणी मागे सूत्र असतं. एक आकडा बदलला की सूत्राने जोडलेली बेरीज आपोआप बदलते. स्क्रीनशॉट काढला की हे सगळं जातं. उरतात ते फक्त रंगीत ठिपके. त्या चित्राला बेरीज माहीत नसते, रकाना माहीत नसतो, ओळ माहीत नसते. म्हणून चित्रात आकडा बदलणाऱ्याला तीन गोष्टी स्वतःच्या हाताने जुळवाव्या लागतात: सेलभोवतीच्या बारीक रेषा, अक्षराचं वळण आणि आकड्याची जागा. संगणक हे काम न चुकता करतो. माणूस कुठेतरी अर्धा केस इकडेतिकडे होतोच.

तपासायला सुरुवात करण्याआधी एक करा. ग्रुपवरच्या फोटोचा पुन्हा स्क्रीनशॉट काढू नका. मूळ फोटो मोबाईलमध्ये सेव्ह करा, गॅलरीत उघडा आणि दोन बोटांनी मोठा करा. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा.

पहिली खूण: बारीक करड्या रेषा

एक्सेलमध्ये सेलच्या चारही बाजूंनी फिकट करड्या रेषा असतात. त्या अगदी पातळ असतात आणि वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत जातात. साधी लबाडी अशी होते: जुन्या आकड्यावर पांढरा चौकोन ठेवायचा आणि वर नवा आकडा टाईप करायचा. पांढरा चौकोन थोडा मोठा झाला तर रेषा खातो, थोडा छोटा झाला तर जुन्या आकड्याची कड बाहेर डोकावते. काही जण खाल्लेली रेषा पुन्हा काढतात, पण तिचा रंग एक छटा गडद किंवा फिकट होतो. म्हणून संशयाच्या सेलच्या चारही कोपऱ्यांत रेषा नीट मिळतात का, ते शेजारच्या सेलशी ताडून बघा.

पांढऱ्यातही फरक असतो. गॅलरीत फोटो एडिटला घ्या, ब्राइटनेस पूर्ण कमी करा आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं, त्यामुळे अक्षरांभोवती बारीक धुरकट कचरा तयार होतो. एरवी तो दिसत नाही, कॉन्ट्रास्ट वाढवला की दिसतो. सगळ्या आकड्यांभोवती असा कचरा आहे आणि एकाच आकड्याभोवती धुतल्यासारखं स्वच्छ पांढरं आहे, तर तिथे हात फिरला असण्याची शक्यता मोठी आहे.

पण रेषा दिसत नाही म्हणजे लबाडीच, असं लगेच म्हणू नका. सेलला पिवळा-हिरवा रंग भरला असेल तर एक्सेल स्वतःच तिथली करडी रेषा दाखवत नाही. लांबलचक नाव शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये पसरलं, तरी मधली रेषा झाकली जाते. फोटो लहान-मोठा होताना काही रेषा ठळक आणि काही पुसट होतात, पण ते सगळ्या फोटोभर होतं. एकाच सेलपुरतं झालं असेल तर मात्र थांबून बघायचं.

दुसरी खूण: आकडा उभा कुठे आहे

एक्सेलमध्ये काही बदल केला नसेल तर अक्षरं डावीकडे चिकटतात आणि आकडे उजवीकडे. त्यामुळे रकमेच्या रकान्यात प्रत्येक आकड्याचा शेवटचा अंक बरोबर एकाखाली एक येतो. शिवाय एक्सेलमध्ये नेहमी वापरले जाणारे एरियल, कॅलिब्री यांसारखे फॉन्ट सगळ्या अंकांना सारखीच रुंदी देतात. '१' सडपातळ दिसला तरी तो '८' एवढीच जागा घेतो. म्हणून एककाखाली एकक, दशकाखाली दशक, स्वल्पविरामाखाली स्वल्पविराम, अशी पाढ्याच्या पाटीसारखी मांडणी होते.

इथे कागदाची कड कामाला येते. फोटो मोठा करा आणि रकमेच्या रकान्यातल्या शेवटच्या शून्यांना लागून कागदाची सरळ कड उभी धरा. सगळे शून्य कडेला टेकले पाहिजेत. मग कड डावीकडे सरकवून स्वल्पविरामांवर आणा, त्यानंतर हजाराच्या अंकावर. आपल्या उदाहरणात १६,८०० च्या लगेच खाली १०,२०० आहे. म्हणजे वरचा '१' आणि खालचा '१' अगदी एकाखाली एक हवेत. घुसवलेला '१' बहुतेक वेळा सहाला फार चिकटलेला किंवा थोडा लांब गेलेला असतो, कारण टाकणाऱ्याने तो नजरेने ठेवलेला असतो.

मग कड आडवी धरा. त्याच ओळीतल्या ०.८० ची तळरेषा आणि १६,८०० ची तळरेषा एकच हवी. नवा अंक थोडा वर तरंगत असेल किंवा खाली बुडाला असेल, तर ती मोठी खूण आहे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. एक्सेलमध्ये नाव शेजारच्या सेलमध्ये पसरू शकतं, आकडा कधीच पसरत नाही. रकाना अरुंद असून रक्कम मावत नसेल तर एक्सेल आकड्याऐवजी ##### असं दाखवतं. म्हणून रकमेचा एखादा अंक करड्या रेषेवर चढलेला किंवा रेषा ओलांडून गेलेला दिसला, तर तो एक्सेलने तिथे ठेवलेला नाही हे जवळजवळ नक्की समजा.

इथेही सूट द्यावी लागते. रकान्याला मध्यभागी मांडणी दिली असेल तर आकडे उजवीकडे जुळणार नाहीत, पण मग ते सगळ्या रकान्यात जुळणार नाहीत. एखादाच आकडा डावीकडे चिकटलेला असेल तर तो एक्सेलमध्ये मजकूर म्हणून भरला गेला असेल. अशा सेलच्या कोपऱ्यात बऱ्याचदा हिरवा त्रिकोण दिसतो. तो लबाडीचा पुरावा नाही, ऑपरेटरची घाई आहे.

तिसरी खूण: अंकाचं वळण आणि कड

मोबाईलच्या एडिटरमध्ये टाईप केलेला आकडा त्या मोबाईलच्या फॉन्टमध्ये येतो, संगणकाच्या नाही. इंग्रजी '1' ला खाली आडवी दांडी आहे की नाही, '6' चं शेपूट किती वळलंय, शून्य गोल आहे की लांबट, हे शेजारच्या ओळीशी ताडून बघा. जाडीही बघा. बाकीचे आकडे पातळ आणि एकच जाडसर असेल तर का, हे विचारायला हवं.

खूप मोठं केलं की अक्षराची कड काळी-पांढरी नसते हे दिसेल. मधे करड्या छटा असतात, त्यामुळे अक्षर गुळगुळीत वाटतं. काही संगणकांवर कडेला फिकट लालसर-निळसर झाक असते, काहींवर नुसती करडी. कोणतीही असली तरी एकाच पानातल्या सगळ्या आकड्यांना ती सारखी हवी. सगळ्यांना लालसर झाक आणि एकालाच नुसती करडी, हे एकाच संगणकाचं काम नाही.

हुशार माणूस मात्र टाईप करत नाही. तो खालच्या १०,२०० मधला '१' उचलतो आणि वर चिकटवतो. मग वळण, जाडी, कड सगळं जुळतं. तिथे ही तिसरी खूण काही सांगत नाही आणि आपल्याला दुसरीकडे, म्हणजे जागेकडे परत जावं लागतं. आणि जागासुद्धा त्याने जुळवली असेल, तर हिशोबाकडे.

चौथी खूण: हिशोब. इथेच बहुतेक जण अडकतात

चित्र जुळवणारा बहुतेक वेळा एका सेलपुरता विचार करतो. पण यादीतला आकडा एकटा नसतो. तो आडवा क्षेत्राशी बांधलेला असतो आणि उभा बेरजेशी.

आधी बेरीज घ्या. कॅल्क्युलेटरवर ३,४०० + १६,८०० + १०,२०० + ५,१०० + ८,५०० केलं की ४४,००० येतात. खाली एकूण लिहिलंय ३४,०००. बरोबर दहा हजारांचा फरक, म्हणजे एका जागी '१' लावल्याचा फरक. अशी सरळ हजाराची, दहा हजाराची तफावत दिसली की कुठला तरी एकच अंक बदललाय, हे डोक्यात आलं पाहिजे.

समजा त्याने एकूणही ४४,००० केलं. आता क्षेत्र बघा. एकूण क्षेत्र ४.०० हेक्टर, दर ८,५००, म्हणजे ३४,०००च यायला हवेत. आणि दुसऱ्या ओळीत ०.८० गुणिले ८,५०० म्हणजे ६,८००च.

समजा तो म्हणाला की त्या भावाचं क्षेत्र बागायत धरलंय. त्याच निकषांत बागायतीला हेक्टरी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना, म्हणजे फळबागेला, हेक्टरी २२,५०० आहेत. ०.८० हेक्टरला बागायतीचे १३,६०० होतात आणि फळबागेचे १८,०००. यात १६,८०० कुठेच येत नाहीत.

समजा त्याने क्षेत्रच वाढवलं. जिरायतीला हेक्टरी ८,५०० म्हणजे एका आराला ८५ रुपये. क्षेत्र आरापर्यंत मोजलेलं असेल तर जिरायतीची प्रत्येक रक्कम ८५ च्या पाढ्यात बसायला हवी. ६,८०० भागिले ८५ म्हणजे ८०, पूर्ण आकडा. १६,८०० भागिले ८५ केले की १९७ आणि वर पॉइंटात काहीतरी येतं. म्हणजे जिरायतीत कुठलंच क्षेत्र घातलं तरी ही रक्कम येत नाही. हे गणित चौथीच्या पोराला जमतं आणि त्यापुढे कितीही सफाईदार चित्र टिकत नाही.

एक काळजी घ्या. सरकार कधीकधी वाढीव मदत जाहीर करतं, तेव्हा दर बदलतो. म्हणून गुणाकार करण्याआधी त्या यादीला कोणता दर लागू आहे, ते शासन निर्णयात किंवा तलाठ्याकडे विचारून घ्या. दर कोणताही असो, तो एका प्रकारच्या पिकाला सगळ्या ओळींत सारखाच हवा.

फोटोत एक्सेलची वरची पट्टी आली असेल तर तीही बघा. ज्या सेलवर क्लिक केलेलं असतं त्यातला आकडा किंवा सूत्र वरच्या लांब पट्टीत दिसतं. सेलमध्ये १६,८०० आणि वरच्या पट्टीत 6800 असेल तर विषय तिथेच संपला. काही वेळा रकाना निवडलेला असतो आणि खालच्या कडेला त्याची बेरीज आलेली असते. चित्र बदलणारा ती विसरतो.

आता ती मोठी मर्यादा

सगळ्या खुणा तपासल्या. रेषा सरळ, अंक एकाखाली एक, वळण सारखं, बेरीजही जुळली. मग फोटो खरा का? नाही म्हणता येत.

कारण ज्याच्याकडे एक्सेलची फाईल आहे, त्याला चित्रात हात घालायची गरजच नाही. तो फाईलमध्ये ६,८०० च्या जागी १६,८०० टाईप करील, क्षेत्र बदलील, बेरीज सूत्राने आपोआप बदलेल आणि मग स्क्रीनशॉट काढील. त्या फोटोत एकही रेषा तुटलेली नसेल, कारण सगळं एक्सेलनेच काढलेलं असेल. तसंच एखाद्याने चित्रात फेरफार केला आणि तो फोटो सेव्ह करून किंवा त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट काढून चार-पाच वेळा नव्याने पाठवला गेला, की दरवेळी फोटो दाबला जाऊन सगळंच पुसट होतं आणि खुणाही त्यात मुरतात. संगणकाच्या स्क्रीनचा मोबाईलने तिरका फोटो काढला असेल तर रेषा मुळातच वाकड्या येतात, तिथे कागदाची कड काही कामाची नाही.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा: फोटो खोटा आहे हे फोटोवरून कधीकधी सिद्ध होतं. फोटो खरा आहे हे फोटोवरून कधीच सिद्ध होत नाही.

मग खरा आकडा कुठे बघायचा?

पहिली जागा तलाठी कार्यालय, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते. सही-शिक्क्याची यादी तिथे किंवा तहसील कार्यालयात बघायला मागा. ई-केवायसीसाठी यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक दिलेला असेल, तर तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात गेलं की स्वतःची नोंद समोर येते. पैसे जमा झाले असतील तर सगळ्यात सोपा पुरावा बँकेचं पासबुक. आपल्या दोन भावांनी पासबुकं शेजारी ठेवली असती तर पाच मिनिटांत वाद मिटला असता.

यादी दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये आहे आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "यादीची प्रमाणित प्रत" असं स्पष्ट लिहा.

ग्रुपवर कुणी स्क्रीनशॉट टाकला तर त्याला विचारा, मूळ फाईल आहे का? असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवलं की व्हॉट्सॲप ती दाबत नाही, आहे तशी येते. फाईल नाही आणि फोटो कुठून आला तेही सांगता येत नाही, तर त्या फोटोवर भांडण काढू नका आणि पुढेही ढकलू नका.

फसवण्यासाठी असा बदललेला फोटो तयार करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये बनावट दस्तऐवज येतात, त्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीही धरल्या आहेत. बनावट आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरणाऱ्यालाही कलम ३४० लागतं. असा फोटो दाखवून कुणी पैसे घेतले असतील तर फोटो डिलीट करू नका. ज्या चॅटमध्ये आला ते चॅट, नंबर आणि तारखेसह तसंच ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा. पैसे ऑनलाईन गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.

आणि त्या दोन भावांसारखी वेळ तुमच्या घरी आली, तर आधी कॅल्क्युलेटर काढा. शून्य पॉइंट आठ गुणिले आठ हजार पाचशे. उत्तर आल्यावर मग भावाशी बोला.